राइट्स इश्यू आला आणि शेअर उतरला: माझे पैसे गेले कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राइट्स इश्यू म्हणजे कंपनी नेमकं काय करते?

कंपनीला भांडवल हवं असतं. ते बाहेरच्या लोकांकडून उभं करण्याऐवजी ती आधी आपल्याच भागधारकांना विचारते, "तुमच्याकडे जेवढे शेअर आहेत त्या प्रमाणात नवे शेअर ठरावीक भावाला घेता का?" कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ मध्ये ही तरतूद आहे. त्यामागचा विचार साधा आहे. नवे शेअर आले की जुन्या मालकांचा हिस्सा पातळ होतो, म्हणून पहिला हक्क त्यांचाच.

"घेता का" हा खरोखरच प्रश्न आहे, सक्ती नाही. घ्यायचे नसतील तर तो हक्क दुसऱ्या कुणाला देता किंवा विकता येतो. या पानावरचं जवळजवळ सगळं या एका वाक्यावर उभं आहे, कारण ज्याला विकता येतं त्याला किंमत असते.

बाजारात शेअर २०० ला आहे आणि कंपनी १५० ला देतेय. म्हणजे मला शेअरमागे ५० रुपये फायदा, बरोबर?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की प्रत्येक राइट्स इश्यूच्या वेळी व्हॉट्सअॅपवर तो नव्याने उगवतो.

तुम्हाला १५० ला देणारा कोण आहे ते पाहा. ती तुमचीच कंपनी आहे. २०० ची वस्तू तिने १५० ला विकली तर ५० रुपयांचा फटका कंपनीच्या मालकांना बसतो, आणि मालक तुम्हीच. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखं आहे हे. सवलत म्हणून जे हातात येतं तेवढंच जुन्या शेअरच्या भावातून कमी होतं.

हे कमी होणं किती, याचा हिशोब म्हणजे थिअरेटिकल एक्स-राइट्स प्राइस. आपण त्याला सोयीसाठी 'टर्प' म्हणू. हक्क सुटा झाल्यावर शेअरचा भाव निव्वळ गणिताने कुठे असायला हवा, ते टर्प सांगतो.

टर्प काढायचा कसा?

जुन्या शेअरची एकूण किंमत आणि नव्या शेअरसाठी भरलेले पैसे यांची बेरीज करायची आणि तिला एकूण शेअरसंख्येने भागायचं. बस.

```
टर्प = (जुने शेअर × हक्कासह भाव + नवे शेअर × इश्यूचा भाव)
       ÷ (जुने शेअर + नवे शेअर)
```

समजा प्रमाण आहे ४ शेअरमागे १ नवा. बाजारभाव २००, इश्यूचा भाव १५०. चार जुन्यांचे झाले ८००, नव्याचे १५०, मिळून ९५०. पाचने भागलं की १९०.

म्हणजे शेअर २०० वरून १९० ला येईल. नवा शेअर १५० ला मिळेल आणि तो १९० चा असेल, म्हणून एका हक्काची किंमत ४० रुपये. मघाचे ५० नव्हेत. आणि हे ४० आले कुठून? चार जुन्या शेअरनी प्रत्येकी १० रुपये गमावले, तिथून. जमाखर्च जुळला.

सूत्रातला 'हक्कासह भाव' म्हणजे शेअर एक्स-राइट्स होण्याच्या आदल्या दिवशीचा बंद भाव. इश्यूची घोषणा झाली त्या दिवशीचा भाव घालून टर्प काढणारे बरेच भेटतात. मधल्या काही आठवड्यांत भाव कुठल्या कुठे गेलेला असतो आणि मग गणित चुकलं म्हणून सूत्राला दोष दिला जातो.

माझ्याकडे असे ४०० शेअर आहेत. मी काय केलं तर माझं किती राहील?

आज तुमच्याकडे ४०० × २०० म्हणजे ८०,००० रुपयांचा माल आहे. चारास एक या प्रमाणात तुम्हाला १०० हक्क मिळतील.

सगळे हक्क वापरले तर खिशातून १५,००० जातील. शेअर होतील ५००, भाव १९०, किंमत ९५,०००. घातलेले १५,००० वजा केले की पुन्हा ८०,०००. फायदा नाही, तोटाही नाही.

सगळे हक्क विकले तर ४०० शेअर १९० च्या भावाने ७६,००० चे, आणि १०० हक्क ४० रुपयांनी विकून ४,००० रोख. पुन्हा ८०,०००. कंपनीतला तुमचा टक्का मात्र घटला, कारण एकूण शेअर वाढले आणि तुमचे आहेत तेवढेच राहिले. लहान गुंतवणूकदाराला या टक्क्याचं काही पडलेलं नसतं. प्रवर्तकाला असतं.

काहीच केलं नाही तर ४०० शेअर, ७६,००० रुपये, आणि हक्क मुदत संपल्यावर रद्द. ४,००० रुपये गेले.

तिन्ही हिशोब शेजारी ठेवून पाहा. राइट्स इश्यूमुळे नुकसान होतं ते घेणाऱ्याचं नाही, विकणाऱ्याचंही नाही. फक्त गप्प बसणाऱ्याचं होतं.

घ्यायची इच्छा आहे, पण १५,००० रुपये काढायचे नाहीत. मधला मार्ग आहे का?

आहे, आणि मला तो फार आवडतो. काही हक्क विकायचे आणि त्या पैशात उरलेले हक्क वापरायचे.

वरच्या उदाहरणात ७९ हक्क ४० रुपयांनी विकले तर ३,१६० रुपये येतात. उरलेल्या २१ हक्कांवर १५० ने शेअर घ्यायला ३,१५० लागतात. खिशातून एक पैसा न घालता तुमच्याकडे ४२१ शेअर झाले आणि वर दहा रुपये सुटे उरले. ४२१ × १९० म्हणजे ७९,९९०, अधिक ते दहा, झाले ८०,०००.

या २१ आकड्यात एक गंमत दडलेली आहे. कंपनीने हा राइट्स इश्यू केलाच नसता आणि फक्त ४०० शेअरवर २१ बोनस दिले असते, तरी भाव २०० वरून १९० च्या आसपासच आला असता. म्हणजे सवलतीतला राइट्स इश्यू ही दोन गोष्टींची मोट असते. १०० नव्या शेअरपैकी साधारण ७९ तुम्ही पूर्ण १९० च्या भावाने विकत घेता, कारण ७९ × १९० म्हणजे जवळपास १५,०००. उरलेले २१ बोनसचे. बोनस मिळाल्यावर आपण श्रीमंत झालो असं जाणकार माणूस मानत नाही. मग राइट्सच्या सवलतीबद्दल तसं का मानावं?

मी काहीच केलं नाही तर ते ४,००० रुपये जातात कुणाकडे?

तुम्ही न घेतलेला शेअर हवेत विरत नाही. ज्यांनी आपल्या हक्कापेक्षा जास्त शेअरसाठी अर्ज केलेला असतो त्यांना तो वाटला जातो. त्यांनाही तो १५० लाच मिळतो आणि तो १९० चा असतो. तुमचे ४,००० त्यांच्या खिशात गेले, तेही कुणी काही गैर न करता. असे जादा शेअर उचलणाऱ्यांत बरेचदा प्रवर्तकच पुढे असतात.

इंग्लंडमध्ये पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे कुणी न घेतलेले शेअर शेवटी बाजारात विकले जातात आणि इश्यूच्या भावापेक्षा जे जास्त येतं ते सहसा त्या गप्प बसलेल्या भागधारकाला पाठवलं जातं. आपल्याकडे तशी सोय नाही. इथे झोपला तो चुकला.

माझ्या आत्याचं असंच झालं. काकांच्या पश्चात आलेले शेअर, डीमॅट खातं आहे पण उघडून पाहायची सवय नाही. मोबाइलवर मेसेज आला, "राइट्स एन्टायटलमेंट क्रेडिटेड". तिला वाटलं कर्ज घ्या म्हणणाऱ्यांपैकी कुणीतरी आहे, तिने तो पुसून टाकला. दिवाळीला मी तिचं खातं पाहिलं तेव्हा मुदत उलटून दोन महिने झाले होते. "अरे, पण माझे शेअर तर तेवढेच आहेत की!" ती म्हणाली. शेअर तेवढेच होते, हे खरंच होतं.

सवलत जितकी मोठी तितका इश्यू चांगला, की वाईट?

जो हक्क वापरतो किंवा विकतो त्याच्यासाठी दोन्ही नाही. मघाचंच उदाहरण घेऊ. कंपनीला तेवढेच पैसे उभे करायचे आहेत, पण तिने १५० ऐवजी १०० ला शेअर द्यायचं ठरवलं. मग शेअर जास्त काढावे लागतील, ८ शेअरमागे ३. तुमच्या ४०० शेअरवर १५० हक्क आले आणि भरायचे पुन्हा १५,०००च. टर्प येतो सुमारे १७२.७३. तुमचे ५५० शेअर ९५,००० चे, वजा १५,०००, पुन्हा ८०,०००.

फरक पडतो तो गप्प बसणाऱ्याला. आधी त्याचे ४,००० गेले होते, आता जवळपास १०,९०९ जातील. सवलत ही बक्षीस नसून गप्प बसण्याचा दंड किती असेल ते ठरवणारी खुंटी आहे. खोल सवलत देणारी कंपनी भागधारकाला जणू सांगत असते की बाबा, आता दुर्लक्ष करू नकोस.

याचं खरं उदाहरण आहे का?

व्होडाफोन आयडियाचा २०१९ चा इश्यू. २५,००० कोटी रुपये उभे करायचे होते. भाव १२.५० रुपये, प्रमाण ३८ शेअरमागे तब्बल ८७. घोषणेच्या सुमारास शेअर तिशीत होता. नेमक्या दिवसाच्या भावात न अडकता आपण ३० धरू.

३८ जुने शेअर ३० ने झाले १,१४०. ८७ नवे १२.५० ने झाले १,०८७.५०. मिळून २,२२७.५०, भागिले १२५, टर्प १७.८२. तीस रुपयांचा शेअर एका रात्रीत अठराच्या आत दिसणार, आणि तरी हक्क हाताळणाऱ्याचा छदामही गेलेला नसणार.

३८० शेअर असलेल्या माणसाचं बघू. त्याची मूळ गुंतवणूक ११,४०० ची. त्याला ८७० हक्क मिळतात, प्रत्येकाची किंमत ५.३२, म्हणजे एकूण ४,६२८ रुपये. तो स्वस्थ बसला तर त्याच्या होल्डिंगचा ४० टक्क्यांहून मोठा भाग त्या हक्कांबरोबर जातो. आणि सगळे हक्क वापरायचे तर १०,८७५ रुपये हवेत. म्हणजे जेवढ्याचा माल आहे जवळपास तेवढेच पैसे पुन्हा त्याच कंपनीत घालायचे.

इथे प्रश्न गणिताचा राहत नाही. या कंपनीतली माझी गुंतवणूक दुप्पट करायची आहे का, असा तो होतो. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला समायोजित महसुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दूरसंचार कंपन्यांच्या विरोधात गेला आणि हा शेअर पाच रुपयांच्या खाली घसरला. १२.५० ला 'स्वस्तात' घेतलेल्यांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. टर्पने त्यांना फसवलं नाही. शेअर त्या लायकीचा आहे की नाही हे टर्प कधी सांगतच नव्हता.

मग एक्स-राइट्सच्या दिवशी भाव बरोबर टर्पवर का येत नाही?

टर्प एक गोष्ट गृहीत धरतो. कंपनीकडे आलेला एक रुपया हा एक रुपयाच राहील, जास्त नाही आणि कमी नाही. बाजार तसं मानत नाही. पैसे नव्या कारखान्यासाठी आहेत आणि तो चालेल असं लोकांना वाटलं तर भाव टर्पच्या वर जातो. जुनी कर्जं बुजवायला पैसे घेताहेत, आणि ते पुरणारही नाहीत, असं वाटलं तर खाली. शिवाय त्या दिवशी निर्देशांक पडला असेल तर तोही परिणाम त्यात मिसळलेला असतो.

म्हणून तुलना करताना दोन घसरणी वेगळ्या काढाव्यात. २०० वरून १९० ही कागदावरची घसरण, तिची भरपाई हक्कांच्या रूपाने तुमच्या खात्यात आलेली आहे. १९० वरून १८० झाला तर ते दहा रुपये मात्र खरे गेले. आणि भाव १९० वर उघडून संध्याकाळी १९४ ला बंद झाला, तर वाहिन्यांवर '३ टक्के घसरला' असं झळकत असलं तरी तुमची कमाई झालेली असते.

घोषणेच्या दिवशी भाव पडतो ती गोष्ट आणखी निराळी. तेव्हा हक्क सुटा झालेला नसतो, त्यामुळे त्या घसरणीचा टर्पशी संबंध नाही. कंपनीला पैशांची गरज का पडली, याबद्दलचं ते बाजाराचं मत.

भाव इश्यूच्या भावाखाली गेला तर?

तर हक्काला किंमत उरली नाही. बाजारात १४५ ला मिळणारी वस्तू १५० ला घ्यायला अर्ज भरू नका. शेअर हवाच असेल तर बाजारातून घ्या. हक्क रद्द झाला तरी त्या वेळी तुमचं काही बुडत नाही, कारण त्याची किंमत तेव्हा शून्य असते.

रिलायन्सच्या वेळी शेअर फारसा पडलाच नव्हता. असं कसं?

प्रमाण पाहा. मे २०२० चा रिलायन्सचा इश्यू ५३,१२४ कोटींचा होता, पण १५ शेअरमागे एकच नवा, भाव १,२५७. घोषणा झाली ३० एप्रिलला, तेव्हा शेअर सुमारे १,४६७ होता. अंदाजापुरता तोच भाव धरून गणित केलं तर १५ × १,४६७ अधिक १,२५७, भागिले १६, म्हणजे जवळपास १,४५४. फक्त तेरा रुपयांची घसरण, एक टक्कासुद्धा नाही. रोजच्या चढउतारात ती बुडून जाते. सवलत १४ टक्क्यांची होती, पण नवे शेअरच थोडे होते. भावावर किती परिणाम होईल हे सवलत आणि प्रमाण दोघं मिळून ठरवतात.

या इश्यूत आणखी एक खुबी होती. १,२५७ एकदम भरायचे नव्हते. अर्जासोबत ३१४.२५, मग मे २०२१ मध्ये ३१४.२५ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेले ६२८.५०. मिळाले ते अंशतः भरणा झालेले शेअर, आणि त्यांची वेगळी नोंदणी होऊन वेगळा भाव चालत होता.

त्यामुळे तिथे हक्काची किंमत नुसतं 'बाजारभाव वजा १,२५७' एवढीच नव्हती. ९४२.७५ रुपये वर्षा-दीड वर्षाने द्यायचे होते आणि त्यावर व्याज नव्हतं. वर्षाला ८ टक्के दर धरला तर या उशिराची किंमत शेअरमागे ९० रुपयांच्या आसपास निघते. २० मे २०२० ला हक्कांचे व्यवहार सुरू झाले. आदल्या दिवशीच्या सुमारे १,४०९ या भावातून १,२५७ वजा केले तर १५२ येतात, पण पहिल्याच दिवशी हक्क २०० च्या वर जाऊन बंद झाला. लोक याला वेडेपणा म्हणत होते. थोडा उत्साह होताच, पण बराचसा भाग या बिनव्याजी हप्त्यांचा होता.

अंशतः भरणा असलेले शेअर घेताना पुढच्या हप्त्याची तारीख डायरीत लिहून ठेवा. हप्ता चुकला तर व्याज लागू शकतं, आणि शेवटी शेअर जप्तही होऊ शकतो.

हे हक्क मला दिसणार कुठे आणि विकायचे कसे?

पूर्वी अर्जाचे कागद यायचे आणि हक्क सोडायचा तर फॉर्म भरून पाठवावे लागायचे. सामान्य माणूस त्या फंदात पडतच नसे. सेबीने जानेवारी २०२० मध्ये पद्धत बदलली आणि रिलायन्सचा इश्यू नव्या पद्धतीने झालेल्या पहिल्या मोठ्या इश्यूंपैकी होता. आता हक्क इश्यू उघडण्याआधीच तुमच्या डीमॅट खात्यात जमा होतात. त्यांना राइट्स एन्टायटलमेंट किंवा थोडक्यात 'आरई' म्हणतात. यादीत कंपनीच्या नावापुढे `-RE` असं दिसतं.

आरई नेहमीच्या शेअरसारखीच ब्रोकरच्या अॅपमधून विकता येते, फक्त एकाच दिवसात घेऊन विकण्याची मुभा नसते. महत्त्वाचं म्हणजे बाजारात आरई विकण्याचा शेवटचा दिवस हा इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच येतो. रिलायन्सच्या वेळी व्यवहार २९ मेला थांबले आणि इश्यू ३ जूनला बंद झाला. बरेच जण दोन्ही तारखा एकच समजतात. नेमक्या तारखा लेटर ऑफ ऑफर या कंपनीच्या इश्यूच्या माहितीपत्रकात असतात. तेवढं एक पान तरी वाचावं.

ज्यांचे शेअर अजून कागदी प्रमाणपत्रांत आहेत त्यांची आरई वेगळ्या खात्यात ठेवली जाते. इश्यू बंद होण्याआधी रजिस्ट्रारला डीमॅट तपशील दिले नाहीत तर तीही रद्द होते.

बाजारातून आरई विकत घेतली. आता शेअर कधी येतील?

अर्ज केलात का? नसेल केला तर येणारच नाहीत.

ही चूक दर इश्यूला होते आणि ती सर्वांत महागडी आहे. आरई म्हणजे शेअर नव्हे. ती १५० ला शेअर घेण्याची परवानगी आहे. ४० रुपये देऊन परवानगी घेतली, पण बँकेतून अस्बाने, म्हणजे पैसे खात्यातच राखून ठेवणाऱ्या सोयीने, अर्ज करून १५० भरले नाहीत, तर इश्यू बंद झाल्यावर परवानगी रद्द आणि ४० रुपये पाण्यात. ज्याला आरई फुकट मिळाली होती त्याचं निदान डोळ्यांना दिसणारं काही जात नाही. विकत घेणाऱ्याचे मात्र रोख पैसे जातात. अॅपवर आरई 'स्वस्त शेअर' म्हणून दिसते आणि नवखे लोक चाळीस रुपयांत दोनशेचा शेअर मिळाला म्हणून खूश होतात.

माझ्याकडे २२ शेअर होते, प्रमाण १५ ला १. मला दीड हक्क मिळायला हवा ना?

एकच मिळतो. अपूर्णांक सोडून दिला जातो. उरलेल्या सात शेअरमागे भाव घटला, पण त्यांचा हक्क आला नाही, तेवढं तुमचं किरकोळ नुकसान. रिलायन्सच्या हिशोबाने साधारण नव्वद रुपये. त्या इश्यूत अपूर्णांक राहिलेल्यांना, अगदी १५ पेक्षा कमी शेअर असणाऱ्यांनाही, जादा अर्ज केल्यास एक शेअर देताना प्राधान्य होतं. अशी सोय बहुतेक लेटर ऑफ ऑफरमध्ये असते. पण सावध राहा, तुम्ही हक्काचा काही भाग जरी विकला असेल तर जादा शेअरसाठी अर्ज करता येत नाही.

रेकॉर्ड डेटला शेअर घेतले तर हक्क मिळेल?

नाही. त्या दिवशी शेअर तुमच्या खात्यात असायला हवेत, आणि आता व्यवहार एका कामकाजाच्या दिवसात पुरा होतो. म्हणून निदान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी हवी. नुसत्या हक्कासाठी ऐन वेळी शेअर घेण्यात तसाही अर्थ नाही. २०० देऊन शेअर घ्याल, दुसऱ्या दिवशी तो १९० चा असेल आणि खात्यात दहा रुपयांचा हक्क असेल.

पोर्टफोलिओत आता लाल आकडा दिसतोय. आणि कराचं काय?

लाल आकडा दिसणारच. समजा तुम्ही तो शेअर १९५ ला घेतला होता. २०० ला हिरवा होता, १९० ला लाल झाला. अॅपला तुमची खरेदी किंमत माहीत आहे, पण हक्क विकून शेअरमागे आलेले १० रुपये ते या शेअरच्या खात्यात धरत नाही. म्हणून हक्क विकले असतील तर ती रक्कम स्वतः मिळवून पाहा.

प्राप्तिकराची पद्धतही काहीशी अशीच आहे. जुन्या शेअरची खरेदी किंमत तीच राहते. राइट्समध्ये घेतलेल्या शेअरची किंमत म्हणजे तुम्ही भरलेले १५० आणि त्याचा कालावधी वाटप झाल्याच्या दिवसापासून मोजतात, जुन्या शेअरच्या खरेदीपासून नाही. दोन्ही लॉट वेगळे ठेवा. आपल्या वाट्याला आलेला हक्क विकला तर त्याची खरेदी किंमत शून्य धरतात, म्हणजे आलेली सगळी रक्कम भांडवली नफा. वास्तविक ते तुमच्याच शेअरमधून निघालेले पैसे असतात, पण कायदा ते तसं पाहत नाही. आरई बाजारातून घेऊन अर्ज केला असेल तर मात्र आरईची किंमत आणि भरलेले पैसे मिळून खरेदी किंमत होते, म्हणून त्या खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा.

चार्टवर मागचे भाव अचानक बदललेले दिसले तर घाबरू नका. बहुतेक चार्ट जुने भाव टर्पच्या प्रमाणात खाली ओढतात, इथे १९० भागिले २०० म्हणजे ०.९५ ने. तुम्हाला आठवणारा १९५ हा भाव तिथे १८५ च्या आसपास दिसेल. तुमची कॉन्ट्रॅक्ट नोट काढून पाहा, तिच्यावर १९५च छापलेलं आहे.